लघुकथा : दोन तासांतली पाच मिनिटं

निशिगंधा (धागा)

बऱ्याच दिवसांनी कथा टाकतेय. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या माणसाची आहे. आमच्या वरच्या मजल्यावर असा एक स्टुडिओ होता, तिथं तासन् तास बसून जे बघितलं त्यावर बेतलीये, पण माणसं आणि लग्न काल्पनिक. सावकाश वाचा आणि खटकलं ते मोकळेपणानं सांगा.

---

नवरीचाच फोन होता. लग्न होऊन आठवडा झाला होता, फुल व्हिडिओ अजून मिळायचा होता, तरी तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही.

"माझा दादा बोटीवर आहे हो, थर्ड इंजिनिअर. लग्नाला सुट्टी नाही मिळाली त्याला. दोन तासांचं काही त्याच्याकडं जाणार नाही, तिथं नेटच नसतं धड. पाच मिनिटांचं करून द्याल का? ऐंशी एमबीच्या आत बसलं पाहिजे म्हणालाय."

संतोष म्हणाला देतो. हायलाइट म्हणजे त्याच्या हातचा मळ. अण्णांच्या मिरजेतल्या स्टुडिओत दर सीझनला तो असे ढिगानं करायचा आणि अण्णांची पद्धतही ठरलेली होती, आधी ड्रोनमधून कार्यालय, मग दागिने, हँगरवरची पैठणी, नवऱ्याचे बूट, नवरीची एंट्री, मधे स्लो मोशन, शेवटी दोघं पाठमोरे चालत जातात आणि नावं येतात. एका संध्याकाळीत झालं. गाण्याच्या ठेक्यावर कट बसवले, रंग जरा उबदार केला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बघितलं.

वाईट काहीच नव्हतं. फक्त शेवटची नावं बदलली असती तर गेल्या महिन्यातल्या इचलकरंजीच्या लग्नालाही तेच चाललं असतं. नवरीची आई दोन सेकंद होती. बाबा तर ड्रोनच्या शॉटमध्ये छपरासारखे वरून दिसत होते. आणि पाच मिनिटांत एकाही माणसाचा आवाज नव्हता. बोटीवरच्या त्या भावानं ह्यात काय बघायचं? कार्यालयाचं छप्पर?

त्यानं ती टाइमलाइन तशीच ठेवली, शेजारी नवी उघडली, आणि कच्चं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून साध्या स्पीडनं लावलं. घरच्यांचं बजेट कमी म्हणून कॅमेरा एकच होता, पंचवीस फ्रेमवर सलग चालू ठेवलेला, गौरीहरापासून कानपिळीपर्यंत. एरवी तो पळवत बघायचा, चित्र चांगलं दिसलं की मार्कर मारायचा. पण पळवलं की आवाज कळत नाही, आणि ह्या खेपेला त्याला कोण काय बोललं तेच ऐकायचं होतं.

एक तास एकतीस मिनिटांवर लाजाहोम सुरू झाला. गुरुजी म्हणाले, "लाह्यांना मुलीचा भाऊ या." कॅमेरावाल्याला वाटलं आता जरा वेळ आहे, त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि जागा बदलायला निघाला. म्हणजे चित्रात कुणाचा तरी गुडघा, लाह्यांचं ताट, बोहल्याची कड, सगळं हलतंय, फोकस येतोय जातोय. आवाज मात्र स्वच्छ. आधी कुणीच बोलत नाही. मग आईचा आवाज, "तो बोटीवर आहे हो." गुरुजी म्हणतात, "मग चुलत, मामे, कुणीही चालतो." कुणीतरी म्हणतं, "ए ओंकार, ऊठ ऊठ, चल." आणि मग नवरी, हसत, "हळू रे, सोवळं सुटेल तुझं." कॅमेरा वर येतो तेव्हा नऊएक वर्षांचा पोरगा दोन्ही हातांनी लाह्या धरून उभा, निम्म्या तिच्या ओंजळीत पडतात आणि निम्म्या होमाच्या बाहेर.

चौदा सेकंदं. अण्णांनी फुल व्हिडिओसाठी जी पहिली कापाकापी केली होती त्यात ती उडवलेली होती, शेक म्हणून. संतोषनं ती नव्या टाइमलाइनवर सगळ्यात आधी ठेवली, आणि बाकीचं तिच्या आजूबाजूला लावायला घेतलं.

पहिल्या चाळणीत अडतीस मिनिटं उरली. स्टेजवरची आहेराची रांगच अर्धा तास होती, ती एका झटक्यात गेली. मग पंधरा मिनिटं, मग आठ. तिथपर्यंत हात भराभर चालतो कारण जे जातं ते खरंच नको असतं. आठाच्या खाली मात्र प्रत्येक शॉट चांगलाच असतो आणि तरी काढायचा असतो. नवरीच्या मैत्रिणी गेल्या, फेटे बांधणं गेलं, ड्रोन पूर्ण गेला. सहा वीसवर येऊन अडकलं.

मंगलाष्टका त्यानं चित्रावर कापल्या नाहीत. शेवटचं पूर्ण कडवं, पहिल्या अक्षरापासून 'सावधान'पर्यंत, अडतीस सेकंद सलग टाकलं आणि त्याच्यावर चित्रं बसवली. मामा नवरीला घेऊन येतोय, आई मुठीतल्या अक्षता चाळवतेय, बाबा अंतरपाटाकडं न बघता खाली बघतायत. मग वाजंत्री, अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या.

आणि नवरीचा चेहराच नाही. कॅमेरा तिच्या पाठीकडून तिरका होता. नवरा समोरून स्वच्छ दिसतो, ती दिसायला जरा बाजूला सरकावं तर मधे पाच-सहा मोबाईल धरलेले हात. एका कॅमेऱ्यात त्या क्षणी एकतर नवरा मिळतो नाहीतर नवरी.

तिचं हसू शोधायला तो मागे पुढे फिरला. सप्तपदीत एक सुंदर होतं, पण तिथं गळ्यात मंगळसूत्र आलेलं, हार आलेला, केसात अक्षता अडकलेल्या आणि अंगावर पिवळ्या अष्टपुत्रीऐवजी सासरचा शालू. मग मिळालं, गौरीहरापाशी. तीच पिवळी साडी, मुंडावळ्या, गळा मोकळा, केस स्वच्छ. ती मान वर करून डावीकडं बघते आणि हसते, दोन सेकंदं. ते उचलून त्यानं अंतरपाटानंतर ठेवलं. नवरा बघतो, ती हसते. इतकं चपखल बसलं की जोड आहे हे कुणाला सांगून पटलं नसतं.

मग नुसतं खात्री करायला त्यानं त्या शॉटचा मूळ आवाज उघडला. बाहेर ढोल चालू होते, पण त्यातून आत्याचा आवाज येतोय, "अगं दादाचा फोन लागलाय, बोल बोल." ती हसते ते तिथं. पुढं चार वेळा "हॅलो, आवाज येतोय का" आणि फोन कट.

संतोषनं तो शॉट परत गौरीहराला नेऊन ठेवला, आवाजासकट, "फोन लागलाय"पासून फोन कट होईपर्यंत. नऊ सेकंद गेली त्यात, त्यासाठी शेवटचं दोघांचं चालत जाणं काढावं लागलं. अंतरपाटाच्या जागी नवऱ्याचा चेहरा आणि मोबाईलवाले हात, जसे होते तसे.

अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "तो गुडघा काढ बाबा. आपलं नाव जातंय त्याच्यावर." संतोष म्हणाला, "नाव नको टाकूया. तुमच्या पेजला ते पहिलंवालं टाका की, ड्रोनचं, तयार आहे." अण्णा जरा वेळ गुडघ्याकडं बघत राहिले आणि चहा सांगायला खाली गेले.

दोन दिवसांनी नवरीचा फोन. दादानं बघितलं होतं, त्याबद्दल ती फार काही बोलली नाही, फक्त ओंकारचं सोवळं त्याला फार आवडलं म्हणाली. मग म्हणाली, "पण अंतरपाट काढल्यावर मी कुठाय? मी हसले होते ना तेव्हा?"

"असाल ताई, पण कॅमेऱ्यात नाहीये ते. समोर जे मोबाईल धरून उभे होते ना, त्यांच्यातल्या कुणाकडं तरी असणार. त्यांच्याकडून मागवून घ्या, मी घालून देतो."

---

रेवा_के

आवडली कथा. तो फोनचा आवाज आला तिथं खरंच थांबले मी. एक प्रश्न, हे असे इकडचं हसू तिकडं लावणं खरंच करतात का सर्रास? म्हणजे आमच्या हायलाइटमध्ये मी सासूबाईंकडं बघून जी गोड हसलेय ती मला आठवतच नाही हसलेली!

साताऱ्याचा_मिक्सिंगवाला

सर्रास करतात. मीही करतो, व्हीएचएसच्या काळापासून ह्या धंद्यात आहे. तुम्ही बहुतेक फोटोग्राफरकडं बघून हसला असाल आणि सासूबाई दुसरीकडंच बघत असतील, दोन्ही शेजारी लावले की बघणारा आपोआप जोडतो.

लेखिकेनं केसातल्या अक्षता लिहिल्यात ते वाचून बरं वाटलं, कारण नवीन पोरं नेमकी तिथंच फसतात. मंगळसूत्र सगळ्यांना सुचतं, अक्षता कुणाला सुचत नाहीत. अंतरपाटाच्या आधी केस स्वच्छ आणि नंतर दिवसभर कुठं ना कुठं दाणा अडकलेला असतो. घरातल्या बायकांच्या नजरेतून ते सुटत नाही. मला एकदा नवरीच्या मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, अक्षता पडायच्या आधी डोक्यात तांदूळ कसा? तेव्हापासून मी कुठलाही चेहरा हलवायचा असेल तर आधी केस, मग गळा, मग कपाळ बघतो. कपाळावरचं कुंकूही दिवसभरात पसरत जातं, सकाळचं आणि दुपारचं सारखं नसतं.

दुसरं, मंगलाष्टकेचं कडवं सलग ठेवलंय ते अगदी बरोबर. चित्राबरोबर आवाज कापला की चरण मधेच तुटतो, आणि ज्यांना ती पाठ आहेत त्यांना ते लगेच टोचतं, चित्र कितीही चांगलं असू दे. आवाज आधी लावायचा आणि चित्र त्याच्यावर घालायचं. उलटं केलं की दिवसभर झटापट करत बसावं लागतं.

अक्षय_फ्रेम्स

कथा मस्त पण एडिटर जरा जुन्या वळणाचा वाटला. सप्तपदीतलं हसू टाकून द्यायची गरजच नव्हती. चेहऱ्यावर टाइट क्रॉप मारा, गळा फ्रेमच्या बाहेर जातो, मंगळसूत्र दिसायचा प्रश्नच येत नाही, साडीचा रंग दिसत नाही. वर जरा स्लो करा ऑप्टिकल फ्लोनं, दोन सेकंदांचं चार होतं आणि एकदम सिनेमॅटिक दिसतं. अक्षतापण तशाच स्लो करता आल्या असत्या. आजकाल सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः बनवतं, ५० फ्रेममध्ये शूट केलेलं असायलाच पाहिजे असं काही राहिलं नाही.

साताऱ्याचा_मिक्सिंगवाला

अक्षय, क्रॉपचं अर्धं बरोबर आहे. ४केमध्ये शूट असेल आणि फायनल फुल एचडी असेल तर दुप्पट जवळ जाता येतं, चित्र फाटत नाही. पण एका कॅमेऱ्याचं, बजेटमधलं लग्न, ते बहुतेक फुल एचडीच असणार, तिथं दुप्पट क्रॉप मारला की चेहरा पाण्यात पडल्यासारखा मऊ होतो आणि शेजारच्या शॉटशी जुळत नाही. आणि गळा काढलास तरी केस राहिले ना. शिवाय होमाच्या धुरातला शॉट आहे तो, कॉन्ट्रास्ट गेलेला असतो, डोळे लाल झालेले असतात. आणि खालून ज्वाळेचा उजेड, अंतरपाटाला वरून हॅलोजन. अंगाला लागलेला उजेड क्रॉप करता येत नाही.

ऑप्टिकल फ्लोचं तर अजिबात नाही, निदान अक्षतांना. ते सॉफ्टवेअर ह्या फ्रेममधला ठिपका पुढच्या फ्रेममध्ये कुठं गेला ते शोधतं आणि मधला रस्ता भरून काढतं. एक माणूस संथपणे वळला तर छान जमतं. पण शेकडो दाणे एकसारखे दिसणारे, एकमेकांना ओलांडून पडणारे, कुठला दाणा कुठं गेला हे त्याला कळतच नाही. मग दाण्यांच्या शेपट्या निघतात, मागचा चेहरा त्यांच्याबरोबर ओढला जातो, बांगड्यांचा हात असेल तर बोटं वितळतात. तुला बघायचं असेल तर एकेक फ्रेम पुढं ढकलून बघ, चालू असताना नुसतं काहीतरी चिकट वाटतं. अक्षता स्लो पाहिजेत तर त्या क्षणी कॅमेरा ५० किंवा १०० फ्रेमवर असायला हवा. आणि सलग रेकॉर्डिंगवाला माणूस तिथं सेटिंग बदलत नाही, कारण ५० वर नेऊन बदलताना चुकून 'सावधान' गेलं तर घरचे सोडत नाहीत.

अक्षय_फ्रेम्स

मी ऑप्टिकल फ्लो लग्नातच वापरलंय आणि क्लायंट खूश होता. अक्षतांचं असेल तुमचं खरं, पण चेहऱ्याला चालतं.

सुमनमावशी

निशिगंधा, लिहीत राहा ग. मला विचारायचं होतं की हे संतोष नावाचे गृहस्थ अजून मिरजेत काम करतात का, कारण माझ्या मुलीच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि तिचा जो हायलाइट आलाय त्यात आमचे हे एकदाच दिसतात, तेही कन्यादानाला हात दिसतो फक्त, चेहरा नाही, आणि गाणं हिंदी. मुलीला काही वाटत नाही पण मला वाटतं. परत करून मिळतो का? पैसे द्यायची तयारी आहे.

निशिगंधा

सुमनमावशी, संतोष काल्पनिक आहे हो. पण तुमचं काम कुणीही जाणता माणूस करू शकेल, फक्त कच्चं रेकॉर्डिंग मिळालं पाहिजे. मिक्सिंगवाले, तुम्ही सांगा ना नीट.

साताऱ्याचा_मिक्सिंगवाला

मावशी, आधी ज्यांनी शूटिंग केलं त्यांना फोन करून विचारा की कच्चा डेटा ठेवलाय का. "व्हिडिओ आहे का" असं विचारू नका, ते फुल व्हिडिओच परत पाठवतील. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइल्स पाहिजेत असं सांगा. दोन वर्षं म्हणजे जरा अवघड आहे, कारण सीझन संपला की जागा करायला बरेच जण डिस्क पुसतात. नसेल मिळाला तर तुमच्याकडचा फुल व्हिडिओ आहे ना, पेन ड्राइव्हवरचा, त्यातूनही होतं. त्याच्यावर गाणी आणि इफेक्ट चिकटलेले असतात, म्हणजे बोललेलं स्वच्छ वेगळं निघेलच असं नाही, पण कन्यादानाला सहसा मूळ आवाजच ठेवतात. तिथं साहेबांचा चेहरा असेल तर मिळेल.

ज्यांच्याकडं आता लग्न आहे त्यांनी डेटा स्वतःच्या डिस्कवर मागून घ्या. दोन तासांचं फुल एचडी साधारण २० ते १०० जीबीत बसतं, कॅमेरा किती बिटरेटवर होता त्यावर आहे. काही जण त्याचे वेगळे पैसे घेतात, तरी घ्या.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत आहे म्हणून लिहितोय, एरवी वाचनमात्र असतो. माझ्या बहिणीच्या लग्नाला मी अटलांटिकमध्ये होतो. तेव्हा आमच्या बोटीवर प्रत्येकाला महिन्याचा डेटा मोजून मिळायचा, आता बऱ्याच बोटींवर स्टारलिंक आलंय त्यामुळं नव्या पोरांना तेवढा त्रास नाही. घरच्यांनी मला भारी हायलाइट पाठवला होता, गाण्यावरचा. तो मी एकदा बघितला. पण माझ्या मावसभावानं मोबाईलवर काढलेला एक क्लिप होता, जेवणाच्या पंगतीत सगळे मला शिव्या घालतायत आला नाही म्हणून, तो मी कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत बघत होतो. त्यामुळं कथेतला गुडघा मला पटला.

एक गोष्ट मात्र सांगतो, केबिनमध्ये इंजिनाची घरघर सतत असते, साधे इअरफोन लावून बघितलं तर हळू बोललेलं बुडतं. त्या आईचं "तो बोटीवर आहे हो" मला ऐकूच आलं नसतं कदाचित. एडिटरनं आवाज वर घ्यायला हवा, किंवा खाली अक्षरं टाकावीत.

साताऱ्याचा_मिक्सिंगवाला

हे मला सुचलं नसतं. बरोबर आहे. अशा वेळी बोलण्याखालचं संगीत नुसतं कमी करून भागत नाही, तेवढ्यापुरतं बंद करायचं. आणि बोलणं इतकं वर घ्यायचं की सगळ्यात मोठं अक्षर मीटरवर उणे सहाच्या आसपास जाईल. पण कॅमेऱ्याच्या माइकवरचं असेल तर आवाज वाढवला की हॉलचा घुमारापण वाढतो. म्हणून अक्षरंच बरी.

भालचंद्र_आपटे

क्रमाबद्दल थोडं. लाजाहोमात भावानं लाह्या ओंजळीत घालायच्या आणि पुढं कानपिळीलाही भाऊच, म्हणजे ह्या मुलीच्या लग्नात भाऊ नसण्याची जागा दोनदा आली. लेखिकेनं कानपिळीचा उल्लेख रेकॉर्डिंग कुठं संपलं एवढ्यापुरताच केलाय. मला वाटतं ओंकारनं जावयाचा कान पिळला तेही पाच मिनिटांत असणारच, ते यायला हवं होतं कथेत.

आणि माझा एक आक्षेप आहे. लाह्यांचे चौदा सेकंद त्यानं टाइमलाइनवर सगळ्यात आधी ठेवले असं म्हटलंय. म्हणजे व्हिडिओची सुरुवात लाजाहोमानं होते का? विवाहाचे विधी क्रमानंच दाखवावेत असं माझं मत आहे. आधी लाजाहोम मग मंगलाष्टका असं दाखवणं मला पटत नाही, भले पाच मिनिटांचं का असेना.

निशिगंधा

आपटेकाका, कामाच्या क्रमात आधी, व्हिडिओत नाही. म्हणजे हे राहणारच असं ठरवून बाकीचं त्याच्या मागेपुढे लावत गेला. विधी क्रमानंच आहेत. कानपिळीचं मी मुद्दाम गाळलं, लाह्यांच्या जागी जे सांगायचं ते सांगून झालं होतं.

तन्वी_द

मला उलट वाटतं की सुरुवात लाजाहोमानं केली असती तरी चाललं असतं. बघणारा कोण आहे? भाऊ. त्याला विधींचा क्रम माहितेय. गुरुजी विचारतायत मुलीचा भाऊ कुठंय आणि काळ्या पडद्यावर फक्त आवाज, मग पहिल्यापासून लग्न. मी एक वर्ष जाहिरातींच्या एडिटवर असिस्टंट होते, तिथं पहिल्या पाच सेकंदांत माणूस पकडायचा असतो.

दर्यावर्दी

तन्वी, बोटीवरच्या माणसाला पकडायला लागत नाही. तो ती फाइल उतरायची वाट बघत बसलेला असतो. पहिल्या पाच सेकंदांत "भाऊ कुठंय" ऐकलं असतं तर मला पुढचं लग्न बघवलं नसतं.

तन्वी_द

हं. तसा विचार नव्हता केला. तरी मला ती सुरुवात मोहात पाडते.

रेवा_के

पण मूळ प्रश्न राहिला ना, हसू हलवणं चूक आहे का? मिक्सिंगवाले म्हणतात सर्रास करतात. मग संतोषनं का नाही केलं?

साताऱ्याचा_मिक्सिंगवाला

माझं म्हणाल तर मी तो शॉट तिथंच ठेवला असता. अंतरपाटानंतर नवरी न दिसणं म्हणजे लग्नाच्या व्हिडिओत मोठं भोक आहे, आणि फोनचा आवाज मी खाली वेगळा वापरला असता, चित्र दुसरं लावून. हसू एकच असलं तरी आवाज आणि चित्र वेगवेगळे वापरता येतात. पण मी एक हद्द पाळतो. एका माणसाची प्रतिक्रिया दुसऱ्या माणसाच्या बोलण्यावर लावत नाही. वडील पाठवणीला रडतायत म्हणून दाखवलं आणि ते खरं तर होमाच्या धुरानं पुसत होते, असं नाही करायचं. घरच्यांची आठवण काही वर्षांनी व्हिडिओप्रमाणंच होते, हे मी बघितलंय. माणसं मला सांगतात की वडील तेव्हा किती रडले होते, आणि ते मी पूर्वी जोडलेलं असतं.

भालचंद्र_आपटे

मग तुमची हद्द आणि तुमचं पहिलं वाक्य जुळत नाही. ती भावाच्या फोनला हसली, तुम्ही नवऱ्याला बघून हसली असं दाखवणार. प्रतिक्रिया हलवलीच की.

साताऱ्याचा_मिक्सिंगवाला

काका, ती नवऱ्याला बघूनही हसली होती. ती स्वतःच म्हणतेय तसं. घडलेलं आहे, फक्त कॅमेऱ्यात नाही. न घडलेलं मी दाखवत नाही.

भालचंद्र_आपटे

"मी हसले होते ना" असं ती विचारतेय. तिला तरी कुठं खात्री आहे.

मेघना_ठाणे

शेवट आवडला, मोबाईलवाल्यांकडून मागवून घ्या. आमच्याकडं तसं केलं होतं, ग्रुपवर सगळ्यांना क्लिप टाकायला सांगितल्या, भरपूर आल्या. पण एडिटर म्हणाला ह्या वापरता येत नाहीत, झटके बसतात. खरंच येत नाहीत का तो टाळत होता?

साताऱ्याचा_मिक्सिंगवाला

येतात, पण काम पडतं. ग्रुपवर टाकलेली क्लिप व्हॉट्सअॅपनं दाबलेली असते, ती नको. ज्याच्याकडं मूळ आहे त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हवर. दुसरं, मोबाईल साधारण ३० फ्रेमनं शूट करतो आणि तेही एकसारखं नाही, उजेड कमी झाला की फ्रेम मागेपुढे होतात. २५ च्या टाइमलाइनवर तशीच टाकली की हलताना अडखळते आणि लांब क्लिप असेल तर ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. आधी ठराविक फ्रेमरेटची करून घ्यायची, मग टाकायची. दोन-तीन सेकंदांच्या हसण्याला तर काहीच अडचण नाही, आवाज कुठं पाहिजे त्याचा? उभा व्हिडिओ असेल तर मात्र दोन्ही बाजूंना काळं राहतं किंवा कापावं लागतं, आणि कापला की तोच क्रॉपचा प्रश्न. अंतरपाटाच्या वेळी सगळे उभाच धरतात.

अक्षय_फ्रेम्स

एक तांत्रिक शंका. ऐंशी एमबीत पाच मिनिटं, म्हणजे साधारण दोन एमबीपीएस. फुल एचडीत अक्षतांचा पाऊस दोन एमबीपीएसवर पूर्ण चौकटी चौकटी होणार, ते कथेत आलंच नाही. की संतोषनं ७२० केलं?

साताऱ्याचा_मिक्सिंगवाला

हा प्रश्न चांगला काढलास. होणारच. एन्कोडर मागच्या फ्रेममधलं न हललेलं परत लिहीत नाही, तिथं जागा वाचवतो. अक्षता उडाल्या की सगळंच हलतं, वाचवायला काही उरत नाही. ७२० करायचं आणि दोन पासमध्ये एक्स्पोर्ट करायचं, पहिल्या पासात तो बघून ठेवतो अवघड जागा कुठं आहे आणि दुसऱ्यात शांत शॉटमधले बिट तिकडं देतो. तरी अक्षता थोड्या फुटतातच. मी अशा वेळी अक्षतांचा शॉट दीड सेकंदाच्या वर ठेवत नाही आणि लगेच एखाद्या थांबलेल्या चेहऱ्यावर जातो.

दर्यावर्दी

चौकटी झाल्या तरी आम्ही बघतो हो. फोनवर बघायचं असतं, तेही बंकमध्ये आडवं पडून. आवाज फुटू देऊ नका म्हणजे झालं.

सुमनमावशी

फोन केला होता आज स्टुडिओवाल्यांना, मिक्सिंगवाले म्हणाले तसंच विचारलं, मूळ फाइल्स म्हणून. मुलगा म्हणाला जुन्या डिस्क दुकानात आहेत, शोधून सोमवारी सांगतो.